अठरा पूर्ण झाल्यावर मुलांची उंची वाढते का? भाच्याच्या मनगटाचा एक्स-रे आणि दोन उलट उत्तरं

भाच्याचा मामा

प्रश्न माझा नाही, भाच्याचा आहे, पण रोज संध्याकाळी तो माझ्याच डोक्याशी बसतो म्हणून इथे टाकतोय. वय १८ वर्षं ४ महिने. उंची १६६.४ सेंटीमीटर. वडील १७०, आई १५८. सोळाव्या वाढदिवसाला १६०.८ होता, सतराव्या वाढदिवसाला १६४.५. बरोबरीचे मित्र दोन वर्षांपूर्वीच ताडमाड झाले, हा मागे राहिला, आणि आता "माझं अजून काही शिल्लक आहे का?" हा एकच घोष.

नेहमीच्या डॉक्टरांनी न बघताच सांगितलं, अठरा झाली, विषय संपला. दुसऱ्यांनी डाव्या हाताचा एक्स-रे काढायला लावला. रिपोर्टचा सारांश असा: बोटांच्या आणि तळहाताच्या हाडांची टोकं सगळी जुळलेली, मनगटाजवळची दोन लांब हाडं अर्धवट जुळलेली, हाडांचं वय अंदाजे १७. ते पाहून हे दुसरे डॉक्टर म्हणाले, हाड ज्या पट्टीतून वाढतं ती ग्रोथ प्लेट अजून उघडी आहे, वाव आहे.

आता मी स्वतः फिल्म खिडकीशी धरून बघितली. मनगटाजवळ हाडाच्या टोकाला एक आडवी रेघ स्पष्ट दिसते. म्हणजे उघडीच ना? दोघांतलं खरं कोण?

वजनदार

मामा, शास्त्र साधं आहे. टेस्टोस्टेरॉन वाढलं की ग्रोथ प्लेट बंद होते. म्हणून जी मुलं पंधराव्या वर्षीच जिममध्ये वजनं उचलायला लागतात ती बुटकी राहतात. भाचा जिमला जात असेल तर आधी ते थांबवा. आणि पुरुषांची प्लेट २१ ला बंद होते, १८ ला मुलींची. अजून तीन वर्षं आहेत.

काठावरचा

मी अनुभवाने सांगतो. एकवीस ते बावीसमध्ये मी दोन सेंटीमीटर वाढलो. कॉलेजच्या तपासणीत १७१ होतो, नोकरीच्या तपासणीत १७३. त्यामुळे अठराला काही संपत नाही.

क्षकिरण

मामा, मी रेडिओलॉजिस्ट आहे. हाताचे असे एक्स-रे आठवड्याला दोनतीन तरी समोर येतात. फोटो इथे टाकू नका, फोनवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवरून मी मत देणार नाही. पण एक सांगा. ती आडवी रेघ काळी आहे की पांढरी?

भाच्याचा मामा

आता नीट पाहिलं. मधोमध पांढरी आहे. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला अगदी कडेला दोन्हीकडे छोटासा काळा खाचा दिसतो. करंगळीच्या बाजूच्या हाडाला जवळजवळ पूर्ण पांढरी.

क्षकिरण

उत्तम. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

वाढीची पट्टी म्हणजे कूर्चा, आणि कूर्चा एक्स-रेवर दिसत नाही. हाडात कॅल्शियम असतं म्हणून ते पांढरं उमटतं, कूर्चा असेल तिथून किरण आरपार जातात. त्यामुळे पट्टी जिवंत असली की हाडाचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये काळी फट दिसते. लहान मुलाच्या फिल्ममध्ये टोकं अक्षरशः अधांतरी तरंगताना दिसतात. पुढे कूर्चेत नव्या पेशी तयार होणं मंदावतं, दोन्ही बाजूंची हाडं एकमेकांना भिडतात, आणि भिडल्या जागी थोडं दाट हाड राहतं. ते पांढऱ्या रेघेसारखं दिसतं. भिंतीला पडलेली भेग सिमेंटने बुजवली तरी तिचा माग राहतो ना, तसं. ही रेघ कित्येकांच्या हाडात पुढे वर्षानुवर्षं दिसत राहते. माझ्या स्वतःच्या मनगटात आहे, आणि मी पंचेचाळिशीची आहे.

म्हणून "रेघ दिसते म्हणजे उघडी" हे चुकीचं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि फक्त घरच्यांकडूनच होते असं नाही.

तुमच्या वर्णनात मध्यभाग पांढरा आणि कडांना काळं आहे. अंगठ्याच्या बाजूचं हाड, ज्याला आम्ही रेडियस म्हणतो, ते मध्यातून जुळायला लागतं आणि कडा शेवटी बुजतात. म्हणजे ही पट्टी बंद होण्याच्या शेवटच्या टप्प्यात आहे. अर्धवट जुळलेली हे रिपोर्टमधलं वाक्य बरोबर. "उघडी आहे, वाव आहे" हे मात्र फार सैल बोलणं झालं. आणि न बघता "संपलं" म्हणणारे डॉक्टर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरने चुकले, दहाने नाही.

बारीक प्रश्न

क्षकिरण ताई, एक कळत नाही. माणसाची उंची मनगटाने वाढत नाही. पायांनी आणि पाठीने वाढते. मग हाताचा एक्स-रे का?

क्षकिरण

चांगला प्रश्न. मनगट हा साक्षीदार आहे, काम करणारा नाही. एका हातात वीस-पंचवीस छोटी हाडं एकाच फिल्मवर येतात, ती ठराविक क्रमाने पिकतात, किरणांचा डोस नगण्य असतो, आणि धड-पोट किरणांच्या वाटेत येत नाही. डावा हात घ्यायचा ही जुनी प्रथा, ज्या मुलांच्या फिल्मवरून तुलनेची पुस्तकं बनली त्यांचा डावाच हात घेतला होता. ग्रॉयलिक आणि पाइल यांचा अॅटलस आम्ही अजून वापरतो. पहिली आवृत्ती १९५० ची, दुसरी १९५९ ची. त्यात प्रत्येक वयाची नमुना फिल्म आहे. समोरची फिल्म ज्या पानाशी सगळ्यात जास्त जुळते ते हाडांचं वय. टॅनर आणि व्हाइटहाउस यांची दुसरी पद्धत आहे, तीत एकेका हाडाला गुण देऊन बेरीज करतात. जास्त वेळ लागतो.

मुलांमध्ये बोटांच्या टोकांची हाडं आधी जुळतात, मग बोटांची बाकीची आणि तळहाताची, आणि सगळ्यात शेवटी मनगटाजवळचं रेडियस. म्हणून अठरा-एकोणीसच्या मुलात आम्ही सरळ रेडियसकडे बघतो.

पण तुमच्या शंकेत एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. पायाची बरीचशी लांबी गुडघ्याजवळच्या दोन पट्ट्यांतून येते, मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि पायाच्या नडगीचं वरचं टोक. या पट्ट्या साधारणपणे मनगटाच्या थोड्या आधी मिटतात. म्हणजे रेडियसच्या कडेला काळा खाचा उरला असताना गुडघा बहुधा बंद झालेला किंवा होत आलेला असतो. शेवटचं जे काही वाढायचं ते बरंचसं पाठीच्या कण्यातून येतं, कारण धड पायांपेक्षा जास्त काळ वाढत राहतं. भाच्याच्या पँटची लांबी आता बदलायची नाही, हे त्यालाही जाणवलं असेल.

भाच्याचा मामा

खरं आहे हो. दीड वर्षापूर्वी घेतलेली पँट अजून तशीच बसते. हे सांगितल्यावर तो गप्पच झाला.

आकड्यात किती शिल्लक धरायचं?

क्षकिरण

बेली आणि पिनो यांचे तक्ते आहेत, १९५२ चे. हाडांचं अमुक वय असताना मुलगा आपल्या अंतिम उंचीच्या किती टक्क्यांवर पोहोचलेला असतो, हे त्यात दिलंय. हाडांचं वय कालगणनेच्या वयाच्या साधारण जवळ असलेल्या मुलांसाठीचा तक्ता घेतला तर १४ ला ९२.७ टक्के, १६ ला ९८.२, १७ ला ९९.१.

भाच्याचं १७ धरू. १६६.४ भागिले ०.९९१, म्हणजे साधारण १६७.९. दीड सेंटीमीटर.

पण "हाडांचं वय १७" हा आकडा अचूक माप आहे असं समजू नका. एकच फिल्म दोन अनुभवी माणसांना दिली तर सहा महिन्यांचा फरक सहज पडतो. मी तीच फिल्म साडेसोळा म्हणाले असते तर तक्ता ९८.७ टक्के सांगतो आणि अंदाज १६८.६ होतो. म्हणून मी दीड सेंटीमीटर न म्हणता एक ते दोन, फार तर सव्वादोन म्हणेन.

आणि तुम्ही दिलेली मापं हेच सांगतायत. सोळा ते सतरा या वर्षात ३.७ सेंटीमीटर. त्यानंतरच्या सोळा महिन्यांत १.९. म्हणजे वर्षाला दीडच्या आतबाहेर. गाडीचा वेग उतरतोय. एक्स-रे नसता तरी या तीन आकड्यांवरून मी जवळपास हेच सांगितलं असतं. घरात वर्षानुवर्षं मापं नोंदवलेली असणं फिल्मपेक्षाही उपयोगी पडतं कधीकधी.

आईवडिलांचा हिशोब: दोघांची बेरीज, मुलगा म्हणून अधिक १३, भागिले दोन. १७०.५ येतात. पण त्याच्या दोन्ही बाजूला आठेक सेंटीमीटरची मुभा असते, १६८ त्यात आरामात बसतो. त्यामुळे काहीतरी बिघडलंय असं मानायला कारण नाही.

वजनदार

मग मी जिमबद्दल म्हणालो ते? टेस्टोस्टेरॉनमुळे प्लेट बंद होते हे तर पुस्तकात आहे.

क्षकिरण

अर्धं बरोबर. टेस्टोस्टेरॉनशिवाय मुलांची प्लेट वेळेवर मिटत नाही, हे खरं. पण मिटवण्याचं खरं काम इस्ट्रोजेन करतं. पुरुषाच्या शरीरात अॅरोमाटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, आणि पट्टीतल्या पेशींची उरलेली ताकद तेच संपवतं.

हे कळलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. १९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. उंची २०४ सेंटीमीटर आणि तरीही वाढणं चालूच. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, पुरुषी बदल व्यवस्थित, पण हाडांचं वय १५. इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारा रिसेप्टरच त्याच्यात जन्मतः बिघडलेला होता. इस्ट्रोजेन रक्तात होतं, पण हाडांना ते ऐकूच येत नव्हतं. तोवर बहुतेक डॉक्टर मुलांच्या बाबतीत श्रेय टेस्टोस्टेरॉनलाच देत होते.

वजनं उचलल्याने पट्टी लवकर मिटते याला मात्र आधार नाही. चुकीच्या पद्धतीने जड वजन उचलताना पट्टीलाच फ्रॅक्चर झालं तर ती एक जागा बिघडू शकते, ती गोष्ट वेगळी. जिममध्ये खरी भीती आहे ती कुणीतरी हळूच देऊ केलेल्या अॅनाबॉलिक स्टेरॉइडची. पट्टी उघडी असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने ती घेतली तर मुलगा काही महिने भराभर वाढतो, घरचे खूश होतात, आणि हाडांचं वय त्याहून भराभर पुढे पळतं.

२१ ला पुरुषांची आणि १८ ला मुलींची, हेही विसरा. पट्ट्यांना वाढदिवस कळत नाही. आणि एका माणसातल्या सगळ्या पट्ट्या एकदम मिटतही नाहीत. गळपट्टीच्या हाडाचं छातीकडचं टोक पंचविशीच्या आसपास जुळतं, पण त्याने कुणी उंच होत नाही.

काठावरचा

मग माझे दोन सेंटीमीटर कुठून आले? खोटं बोलतोय का मी?

बारीक प्रश्न

कॉलेजची तपासणी किती वाजता होती?

काठावरचा

दुपारी. रांगेत तीन तास उभे होतो. पण त्याचा काय संबंध?

बारीक प्रश्न

आणि नोकरीची?

काठावरचा

सकाळी सातला, उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं.

बरं. समजलं. पण दोन सेंटीमीटर?

क्षकिरण

खोटं नाही हो. मणक्यांमधल्या चकत्या रात्री पाणी शोषून फुगतात आणि दिवसभर उभं राहून दबतात. सकाळ-संध्याकाळचा फरक एक सेंटीमीटरहून जास्त सहज असतो, काहींमध्ये दोनच्या जवळ. त्यात एका ठिकाणी भिंतीवरची पट्टी, दुसऱ्या ठिकाणी नीट स्टेडिओमीटर. तरीही तुम्ही खरंच अर्धा-पाऊण सेंटीमीटर वाढला नसाल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. कण्याचा थोडा हिस्सा विशीत शिल्लक असू शकतो. एवढंच, की तुमच्या दोन मापांवरून ते कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

मामा, यावरून आठवलं. १६६.४ हे माप कधीचं?

भाच्याचा मामा

क्लिनिकमधलं. संध्याकाळी सातची वेळ होती.

उशिरा आलेला

माझं नाव बघून मत बनवू नका, पण मी खरंच उशिरा आलेला. सतराव्या वर्षी १५८ होतो, आवाज नुकता फुटत होता, वर्गात सगळे बाळ्या म्हणायचे. हार्मोनच्या डॉक्टरांनी, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टनी, हाडांचं वय काढलं ते १४ निघालं. म्हणजे तीन वर्षं मागे. वडिलांना विचारल्यावर कळलं की तेही कॉलेजात गेल्यावर वाढले होते. अठराला १६२, एकविसाला १६९ वर थांबलो. दाढी एकोणिसाव्या वर्षी. कुठलंही औषध घेतलं नाही.

त्यामुळे भाच्याला सांगा, वाट बघ.

क्षकिरण

तुमची गोष्ट खरी आणि नेहमीची आहे, फक्त ती भाच्याला लागू नाही. तुम्ही सतरा वर्षांचे होता पण तुमची हाडं चौदाची. १५८ भागिले ०.९२७ केलं की १७० च्या वर जातं, तुम्ही १६९ वर थांबलात. इतका फरक या पद्धतीत चालतोच, आणि हाडं फार मागे असतील तर अंदाज थोडा उदार निघतो असा माझा अनुभव. भाच्याची हाडं वयाच्या सव्वा वर्ष मागे आहेत, आणि या वयात दोन वर्षांपर्यंतचा फरक सर्वसाधारणच धरतात. तुमच्याकडे शिल्लक होती ती अकरा सेंटीमीटर. त्याच्याकडे दीड आहे.

"अठरानंतर वाढते का?" याला सगळ्यांसाठी एकच उत्तर नसण्याचं कारण हेच. प्रश्न अठराचा नसतो, वयात येणं कधी सुरू झालं याचा असतो. भाच्याचा आवाज कधी फुटला, मामा?

भाच्याचा मामा

चौदा संपता संपता. दाढी गेल्या वर्षीपासून करतोय.

क्षकिरण

मग सगळं जुळतंय. थोडा उशीर, पण थोडाच.

आगाऊ

माझा पुतण्या फुटबॉल खेळतो, सतराखालच्या संघात निवड आहे. त्याच्या वयावर शंका घेतली आहे. हा एक्स-रे काढला तर तो सोळाचाच आहे हे सिद्ध होईल का? ताई, रिपोर्टमध्ये तसं लिहून मिळेल का?

बारीक प्रश्न

इथे उंचीबद्दल चाललंय.

क्षकिरण

विषय वेगळा असला तरी हाड तेच आहे, म्हणून थोडक्यात. नाही, सिद्ध होणार नाही. फिफाने २००९ पासून सतराखालच्या विश्वचषकात मनगटाचा एमआरआय वापरायला सुरुवात केली. एक्स-रे नाही, कारण निरोगी खेळाडूला विनाकारण किरण नकोत. तिथेही प्रश्न "वय किती?" असा नसतो. रेडियस पूर्ण जुळलेलं दिसलं तर खेळाडू सतराखालचा असण्याची शक्यता फारच कमी, एवढंच म्हणता येतं. जुळलेलं नसेल तर तो सोळाचा असेल, अठराचा असेल, एकोणीसचाही असेल. दार बंद दिसलं तर काहीतरी कळतं, उघडं दिसलं तर फारसं नाही. आणि हवा तसा रिपोर्ट लिहून मिळत नाही.

आगाऊ

म्हणजे जुळलेलं नसेल तर चांगलंच ना आमच्यासाठी? मग काढतोच.

सळसळ

खूप दिवस वाचतेय, पहिल्यांदा लिहितेय. माझा भाऊ १९ चा आहे. उंची बरी आहे, १७२, म्हणून कुणी लक्षच दिलं नाही. पण आवाज अजून बारीक, मिशी नाही, आणि हातपाय धडाच्या मानाने लांब वाटतात. दोन्ही हात पसरले तर उंचीपेक्षा बरेच जास्त भरतात. वर लिहिलंय की उशिरा येणारे असतात. तोही तसाच असेल ना? उलट अजून उंच होईल म्हणून आई खूश आहे.

क्षकिरण

सळसळ, एकच विचारते. त्याला वास नीट येतो का?

सळसळ

तुम्ही हे का विचारलंत? नाही येत. लहानपणापासून नाही. आम्हाला वाटायचं सर्दीमुळे.

क्षकिरण

त्याला या महिन्यातच एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे न्या. घाबरू नका, पण थांबूही नका.

चौदा पूर्ण होईपर्यंत मुलात वयात येण्याची सुरुवात दिसली नाही तर ती तपासायची गोष्ट असते, आणि तुमचा भाऊ एकोणीसचा आहे. डॉक्टर वृषणांचा आकार मोजतील. त्यासाठी वेगवेगळ्या मापाच्या मण्यांची माळ असते, तिच्याशी तुलना करतात. ४ मिलिलिटरच्या वर गेलं की सुरुवात झाली असं समजतात. मग सकाळचं टेस्टोस्टेरॉन आणि मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून येणारे एलएच आणि एफएसएच हे दोन हार्मोन. वास न येणं आणि वयात न येणं हे कधीकधी एकाच मुळातून येतं, त्याला कॅलमन सिंड्रोम म्हणतात. तेच असेल असं मी म्हणत नाहीये. ते इथे बसून ठरतही नाही.

हातपाय लांब होण्याचं कारण वर आलंच आहे. मिटवणारं इस्ट्रोजेन तयारच होत नाही, त्यामुळे पट्ट्या उघड्या राहतात आणि लांब हाडं हळूहळू वाढत राहतात. याच्या बाबतीत उघडी पट्टी ही खूश होण्याची गोष्ट नाही. हार्मोन नसल्याने हाडं भरत नाहीत, ठिसूळ राहतात. यावर उपचार आहेत आणि चांगले आहेत.

सळसळ

उद्याच फोन करते. कळवीन.

वजनदार

भाच्याला ग्रोथ हार्मोन देऊन ते दीडचे चार नाही का करता येणार? पट्टी बंद व्हायच्या आत? माझ्या ओळखीतल्याने घेतलंय.

क्षकिरण

ज्या मुलांना खरोखर कमतरता आहे म्हणून ग्रोथ हार्मोन चालू असतं, त्यांचंसुद्धा उंचीसाठीचं इंजेक्शन या टप्प्यावर थांबवतात. हाडांचं वय सोळाच्या पुढे, वाढ वर्षाला दोन सेंटीमीटरच्या खाली, की बंद. कारण पट्टीत काम करायला पेशीच उरलेल्या नसतात. पट्टी मिटल्यावर जास्तीचं ग्रोथ हार्मोन गेलं तर उंची वाढत नाही. पंजे, पावलं, जबडा जाड होतात, साखर बिघडते.

अॅरोमाटेज अडवणाऱ्या गोळ्यांबद्दल आता कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहिते. विचार तर्काला धरून आहे, इस्ट्रोजेन कमी केलं की पट्टी उशिरा मिटेल. पण उंचीसाठी त्या मंजूर औषध नाहीत, तज्ज्ञांतच मतभेद आहेत, आणि मणक्यांच्या हाडावर परिणाम होण्याची भीती आहे. आणि तो वादसुद्धा चौदा-पंधराच्या मुलांपुरता. मध्यभाग पांढरा झालेल्या मनगटासाठी नाही.

वजनदार

माझ्या ओळखीतल्याचे बूट दोन नंबरने वाढले होते खरे. उंचीचं विचारलं नाही कधी.

भाच्याचा मामा

एका रविवारी भाच्याने स्वतःवर प्रयोग केला. अनवाणी, टाचा-पाठ-डोकं टेकवून, नजर सरळ, डोक्यावर काटकोनी ठोकळा, प्रत्येक वेळी तीन मापं आणि सरासरी. उठल्या उठल्या १६७.३. रात्री दहाला १६६.२.

म्हणजे ज्या दीड सेंटीमीटरसाठी गेले तीन महिने घर डोक्यावर घेतलंय, त्यातला सव्वा सेंटीमीटर तो रोज कमावतो आणि रोज गमावतो.

बारीक प्रश्न

सव्वा नाही, एक पूर्णांक एक. पण आता घोळ झाला. १६७.३ ला ०.९९१ ने भागलं तर १६८.८ येतात. मघाशी १६७.९ होते. कोणतं खरं?

क्षकिरण

दोन्ही. तक्त्यात कितीला भागायचं ते दिलंय, किती वाजता मोजायचं ते नाही. म्हणून मी "एक ते दोन शिल्लक" असं सांगते, अंतिम आकडा सांगत नाही. सकाळच्या मापाला सकाळचं मापच जोडा. सहा महिन्यांनी याच वेळी, याच भिंतीशी. त्याच्या आधी मोजाल तर वाढ कमी आणि मोजणाऱ्याचा हात जास्त दिसेल. एक्स-रे पुन्हा काढू नका, त्यातून काही बदलणार नाही.

काठावरचा

इथे माझं मत वेगळं. एक वर्षाने पुन्हा काढला आणि खाचे बुजलेले दिसले तर मुलाच्या मनाला निदान पूर्णविराम मिळेल. नाहीतर तो पंचविशीपर्यंत भिंतीशी उभा राहील.

क्षकिरण

त्या कारणासाठी काढलात तर मी भांडणार नाही. वैद्यकीय कारण म्हणून मात्र लिहून देणार नाही.

भाच्याचा मामा

सहा महिन्यांनी परत येतोय, धागा सापडायलाच वेळ लागला. सकाळी, त्याच भिंतीशी, तीन मापांची सरासरी १६७.८. अर्धा सेंटीमीटर. बसून मोजलेली उंचीही त्याने त्या रविवारी लिहून ठेवली होती, ती जवळजवळ तेवढीच वाढली आहे. ताई म्हणाल्या तसं, पाठ.

पुन्हा एक्स-रे काढायचा की नाही यावर तो आणि त्याची आई अजून भांडतायत. पँट तीच आहे.

सळसळ, भावाचं काय झालं?

सळसळ

उपचार सुरू झालेत, इंजेक्शनं. एमआरआय झाला, पुढच्या तपासण्या चालू आहेत, नाव अजून पक्कं सांगितलेलं नाही. हाडांचं वय साडेचौदा निघालं. गेल्या आठवड्यात फोनवर मी त्याला बाबा समजले.